Alt + = दाबल्यावर एक्सेल रेंज कशी ठरवतं, आणि चुकीची ठरवली तर काय करायचं

ठाण्यात पाचपाखाडीला आमची जुनी बिल्डिंग आहे, तीन मजले, बारा फ्लॅट, महिन्याचा मेंटेनन्स २,५०० रुपये. हिशोब आमचे खजिनदार काका बघतात, आधी वहीत लिहायचे, आता एक्सेलमध्ये लिहितात आणि मनापासून नीट ठेवतात. जूनच्या शेवटी त्यांनी तिमाहीचा जमा-हिशोब प्रिंट काढून खाली नोटीस बोर्डावर लावला आणि त्यात मे महिन्याची वसुली १२,५०० रुपये अशी आली. बाराच्या बारा फ्लॅटचे मिळून ३०,००० व्हायला हवेत, एखाद्याने उशिरा भरले असतील तरी इतका फरक कसा पडेल. पहिल्या मजल्यावरच्या काकू पावती घेऊनच खाली आल्या, आम्ही तर पाच तारखेला भरलेत म्हणून. काकांनी त्या रात्री सगळी पावतीपुस्तकं परत मोजली आणि सकाळी मी ऐरोलीला ऑफिसला निघायच्या आधी मला गाठलं, "अगं, पावत्या २७,५०० च्या आहेत आणि कॉम्प्युटर साडेबारा हजार म्हणतोय, जरा बघतेस का?"

मी अकाउंट्समध्येच आहे त्यामुळे शीट उघडल्या उघडल्या कुठे बघायचं ते मला माहीत होतं. बेरीज चुकली नव्हती. काकांनी बेरजेसाठी Alt + = दाबलं होतं, एक्सेलने रेंजचा, म्हणजे कुठल्या सेल्स बेरजेत धरायच्या याचा, अंदाज केला होता, आणि काकांनी तो अंदाज न बघता Enter मारलं होतं. हे रोज कुठल्या ना कुठल्या ऑफिसात होतं, म्हणून त्याच शीटवर सगळं सविस्तर लिहितेय. तुम्ही पण अशीच शीट बनवून बाजूला ठेवा आणि वाचता वाचता करून बघा, दहा मिनिटं लागतील.

शीट अशी आहे

A कॉलममध्ये फ्लॅट नंबर, १०१ ते १०४, २०१ ते २०४, ३०१ ते ३०४, म्हणजे दुसऱ्या ओळीपासून तेराव्या ओळीपर्यंत. पहिल्या ओळीत हेडिंग. B मध्ये एप्रिल, C मध्ये मे, D मध्ये जून, आणि E मध्ये प्रत्येक फ्लॅटची तिमाहीची बेरीज टाकायची. चौदाव्या ओळीत A14 ला "एकूण" लिहिलेलं आणि पुढे प्रत्येक महिन्याची बेरीज.

एप्रिलमध्ये सगळ्यांनी भरले, B2 ते B13 सगळीकडे 2500. मे मध्ये २०३ वाले गावाला होते, त्यांचे आले नाहीत, म्हणून काकांनी C8 ही सेल रिकामी सोडली. त्यांनी मग जूनमध्ये दोन महिन्यांचे एकदम दिले, म्हणून D8 मध्ये 5000. आणि जूनमध्ये २०२ ची एंट्री काकांच्या मुलाने केली होती, त्याने पावतीवर असतं तसंच `2500/-` लिहिलं. हे शेवटचं लक्षात ठेवा, त्याच्याकडे परत यायचंय.

आधी नुसता शॉर्टकट

बेरीज जिथे हवी त्या रिकाम्या सेलवर जा, Alt दाबून धरा आणि = दाबा. मॅकवर Command + Shift + T आहे. मराठी टाइप करत असाल तर आधी Windows + Space ने कीबोर्ड इंग्रजीवर आणा, कारण मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्डवर त्याच बटणावर वेगळं अक्षर असतं. Home टॅबवर उजवीकडे जे Σ चिन्ह आहे, AutoSum नावाचं, तेही हेच काम करतं.

आता महत्त्वाची गोष्ट. शॉर्टकट दाबला की काम संपत नाही, अर्धंच होतं. एक्सेल सेलमध्ये फॉर्म्युला लिहितं आणि थांबतं, ज्या सेल्स त्याने धरल्यात त्यांच्याभोवती तुटक तुटक रेघ फिरत असते. ती रेघ म्हणजे एक्सेल तुम्हाला विचारतंय की एवढंच धरायचं ना? Enter मारलं म्हणजे तुम्ही हो म्हणालात. आपल्यापैकी बहुतेक जण Alt, =, Enter ही तिन्ही बटणं एका दमात मारतात आणि तो प्रश्न बघतच नाहीत. Σ वर डबल क्लिक करायची सवय असेल तर तेच होतं, प्रश्न आणि हो एकदमच. ती सवय सोडा. शॉर्टकट, मग नजर, मग Enter. नजर टाकताना सगळं बघायची गरज नाही, फक्त रेघेची वरची कड कुठे आहे तेवढं बघा, कारण चूक जवळजवळ नेहमी वरच्या टोकाला असते, खालचं टोक तर तुमच्या डोळ्यासमोरच असतं.

एक्सेल अंदाज कसा करतं

B14 वर काकांच्या शीटमध्ये Alt + = दाबलं तर येतं

```
=SUM(B2:B13)
```

बरोबर आहे, ३०,०००. इथे काय झालं तर एक्सेलने आधी वर बघितलं. B13 मध्ये आकडा आहे, धर. B12 आकडा, धर. असं करत करत B2 पर्यंत गेलं, B1 मध्ये "एप्रिल" हे अक्षर आहे, आकडा नाही, थांब. म्हणजे नियम साधा आहे, सेलला लागून वर आकड्यांची जी सलग रांग आहे ती घ्यायची आणि रांग तुटली की थांबायचं. वर आकडे नसतील तर मग डावीकडे बघायचं आणि तिथे तसंच करायचं. तुम्हाला नक्की कशाची बेरीज हवी आहे, त्या आकड्यांचा अर्थ काय, हे त्याला काहीच कळत नाही, त्याला फक्त आकडा आहे की नाही एवढंच दिसतं.

रांग आणि बेरजेची सेल यांच्या मध्ये एखादी रिकामी ओळ सोडली असेल तर ते चालतं, ती रिकामी ओळ धरून एक्सेल वरची रांग घेतं. पण रांग सुरू झाल्यानंतर मध्ये रिकामी सेल आली की तिथे रांग संपली असं ते समजतं. आता C14 वर या.

```
=SUM(C9:C13)
```

खालून वर जाताना ३०४, ३०३, ३०२, ३०१, २०४ असे पाच फ्लॅट धरले, मग C8 रिकामी, थांबलं. पाच गुणिले २,५०० म्हणजे १२,५००. काकांचा नोटीस बोर्डावरचा आकडा हाच. वरचे सहा फ्लॅट, म्हणजे १५,००० रुपये, रेंजच्या बाहेर राहिले, आणि पहिल्या मजल्यावरच्या काकू त्या सहातल्याच. एक्सेलने कुठली एरर दाखवली नाही कारण त्याच्या दृष्टीने चूक झालेलीच नाही, पाच सेल्सची बेरीज त्याने बरोबर केली.

चुकीची रेंज जागच्या जागी कशी सुधारायची

Enter मारायच्या आधी लक्षात आलं तर सगळ्यात सोपं. शॉर्टकट दाबल्यावर फॉर्म्युल्यातली रेंज, म्हणजे `C9:C13` हा भाग, आधीच सिलेक्ट झालेला असतो. त्यामुळे माउसने C2 वर क्लिक करून दाबून धरून C13 पर्यंत ओढा, जुनी रेंज जाऊन नवीन येईल, मग Enter. माउस नको असेल तर तशाच अवस्थेत सरळ टाइप करा

```
C2:C13
```

आणि Enter. काही खोडायला लागत नाही, सिलेक्ट झालेल्या भागावरच ते लिहिलं जातं.

Enter मारून झालं असेल तर त्या सेलवर जाऊन F2 दाबा. धरलेल्या सेल्सभोवती रंगीत चौकट दिसेल, तिच्या चारही कोपऱ्यांना छोटे ठिपके असतात. वरच्या कोपऱ्याचा ठिपका पकडून C2 पर्यंत वर ओढा, Enter. काकांना हे इतकं आवडलं की त्यांनी जुन्या सगळ्या शीटमध्ये एकेका बेरजेवर F2 दाबून चौकट कुठवर आहे ते तपासून घेतलं, आणि खरंच जुनी शीट कुणाकडून हातात आली तर तपासायची ही चांगली पद्धत आहे.

आता C14 मध्ये २७,५०० आलं, पावत्यांशी जुळलं. पण पुढच्या वेळी परत हेच होऊ नये म्हणून रिकाम्या सेलचं काहीतरी करायला पाहिजे. ज्याने भरले नाहीत त्याच्यासमोर शून्य लिहा. शून्य हा आकडा आहे, रांग तुटत नाही. शीट मोठी असेल आणि रिकाम्या सेल्स बऱ्याच असतील तर एकेक टाइप करत बसू नका. B2 पासून D13 पर्यंत सिलेक्ट करा, F5 दाबा, Special वर क्लिक करा, Blanks निवडा, OK. आता फक्त रिकाम्या सेल्स सिलेक्ट झाल्या. 0 टाइप करा आणि Enter नाही, Ctrl + Enter दाबा, सगळीकडे शून्य भरलं जाईल.

इथे एक विचार करायला लागतो. "भरले नाहीत" आणि "भरायचेच नव्हते" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बेरजेला शून्याने फरक पडत नाही पण सरासरी काढलीत तर पडतो, AVERAGE रिकामी सेल सोडून देतं आणि शून्य मात्र मोजतं. मेंटेनन्सच्या शीटमध्ये थकबाकी म्हणजे शून्यच, त्यामुळे इथे काही प्रश्न नाही.

`2500/-` चा त्रास वेगळाच आहे

D14 वर शॉर्टकट दाबला तर आलं

```
=SUM(D8:D13)
```

१७,५००. रेंज D8 पासून का सुरू झाली? कारण D7 मध्ये २०२ चे `2500/-` आहेत. आपल्याला वाचताना ते अडीच हजार रुपये दिसतात, चेकवर, पावतीवर, दुकानाच्या बिलावर आपण असंच लिहितो. एक्सेलला मात्र रेघ आणि तिरकी रेघ लागलेलं ते सगळं नुसती अक्षरं वाटतात, टेक्स्ट. म्हणून रांग तिथे तुटली.

आणि इथली खरी गोम अशी की मे सारखी रेंज ओढून D2 पर्यंत नेली तरी उत्तर बरोबर येत नाही. येतात ३०,०००. हा आकडा बघून तर काकांना वाटलं झालं, बारा फ्लॅट गुणिले अडीच हजार, बरोब्बर. पण जूनमध्ये २०३ ने दोन महिन्यांचे दिलेत, मग ३२,५०० यायला हवेत. रेंजमध्ये टेक्स्ट असेल तर SUM ते गुपचूप सोडून देतं, कुठलीही एरर न देता. म्हणजे २०२ चे अडीच हजार गेले आणि २०३ चे अडीच हजार जास्त आले, दोन्ही एकमेकांवर बसले आणि आकडा ओळखीचा दिसला. ही चूक मला पहिल्यापेक्षा जास्त भीतीदायक वाटते कारण १२,५०० बघून निदान शंका येते.

ओळखायचं कसं? आकडे आपोआप सेलच्या उजवीकडे जातात आणि टेक्स्ट डावीकडे, पण कुणी सगळं सेंटर करून ठेवलं असेल तर ही खूण जाते. आकडा टेक्स्ट म्हणून साठवला असेल तर सेलच्या कोपऱ्यात हिरवा त्रिकोण येतो हे बऱ्याच जणांना माहीत असतं, पण `2500/-` ला तोही येत नाही, कारण एक्सेलच्या मते तो आकड्यासारखा दिसतच नाही.

म्हणून मी स्टेटस बार वापरते. D2 ते D13 सिलेक्ट करा आणि खिडकीच्या एकदम खाली उजवीकडे बघा, तिथे Count आणि Sum दिसतं. त्या पट्टीवर राइट क्लिक करून Numerical Count पण चालू करून घ्या, एकदा केलं की कायम राहतं. Count म्हणजे किती सेल्समध्ये काहीतरी लिहिलंय, Numerical Count म्हणजे त्यातले खरे आकडे किती. जूनला Count १२ आणि Numerical Count ११ आला. दोन्ही वेगळे आले की एक सेल आकड्याचं सोंग घेऊन बसलीये हे नक्की. मे मध्ये शून्य भरायच्या आधी दोन्ही ११ होते, म्हणजे तिथे सेल खरंच रिकामी होती. कधी कधी कुणीतरी Delete ऐवजी स्पेसबार दाबून सेल "पुसतं", ती दिसायला रिकामी पण आत स्पेस असते, F5 वाल्या Blanks मध्ये ती सापडत नाही, पण या दोन आकड्यांच्या फरकात बरोबर पकडली जाते.

सुधारायचं असं. फक्त B2 ते D13 सिलेक्ट करा, सिलेक्ट न करता करू नका नाहीतर पूर्ण शीटमध्ये बदल होतील. Ctrl + H दाबा, Find what मध्ये `/-` लिहा, Replace with रिकामं ठेवा, Replace All. उरलेलं 2500 एक्सेल परत वाचतं आणि आकडा म्हणून घेतं. तरीही डावीकडेच राहिलं तर त्या सेलचा फॉरमॅट Text असणार, तो General करा आणि मग सेलमध्ये आकडा परत टाइप करा.

काकांचं म्हणणं होतं की सोसायटीच्या हिशोबात `/-` दिसायलाच पाहिजे, लोकांना सवय आहे, आणि मला ते पटतं. त्यासाठी ते टाइप करायची गरज नाही. सेल्स सिलेक्ट करून Ctrl + 1 दाबा, Number टॅबमध्ये Custom निवडा आणि Type च्या चौकटीत हे लिहा

```
#,##0"/-"
```

आता सेलमध्ये 2500 टाइप केलं की दिसताना 2,500/- दिसतं आणि आत मात्र शुद्ध आकडा राहतो, बेरीजही होते आणि रांगही तुटत नाही. प्रिंट काढल्यावर पावतीसारखं दिसतं, काका खूश.

फ्लॅट नंबर पण बेरजेत जातो

महिन्यांच्या बेरजा झाल्या, आता प्रत्येक फ्लॅटची तिमाहीची. E2 वर Alt + =. वर E1 मध्ये हेडिंग आहे, आकडा नाही, म्हणून एक्सेल डावीकडे वळतं. D2 आकडा, C2 आकडा, B2 आकडा, आणि A2? A2 मध्ये १०१ आहे. तोही आकडाच की.

```
=SUM(A2:D2)
```

उत्तर ७,६०१. तीन महिन्यांचे ७,५०० आणि फ्लॅट नंबर १०१. एक दोन ओळीत हे कुणाच्या तरी लक्षात येतं कारण रकमेच्या शेवटी १ रुपया कुठून आला असं वाटतं, पण हाच फॉर्म्युला खाली ओढला तर बारा फ्लॅटच्या नंबरांचे मिळून २,४३० रुपये जमेत जातात आणि एकूण ९०,००० च्या जागी ९२,४३० दिसतात. ऑफिसच्या शीटमध्ये हेच अनुक्रमांकाने होतं, एम्प्लॉयी कोडने होतं, बिल नंबरने होतं. आकडा असलेलं पण रक्कम नसलेलं जे काही डावीकडे लागून असेल ते सगळं.

पुढे आणखी एक. खाली न ओढता प्रत्येक ओळीत शॉर्टकट दाबत गेलात तर E2, E3 ला डावीकडचं येतं आणि E4 ला अचानक

```
=SUM(E2:E3)
```

असं येतं. कारण E3 च्या वर एकच आकडा होता, त्याची रांग होत नाही, आता E4 च्या वर मात्र दोन आकड्यांची रांग तयार झालीये, आणि एक्सेल आधी वर बघतं. तुम्ही एका लयीत Alt + =, Enter, Alt + =, Enter करत खाली चाललेले असता, तिसऱ्या ओळीपासून पुढचं सगळं चुकतं. म्हणून ओळींच्या बेरजा कधीही एकेक शॉर्टकट दाबून करू नका, पहिली नीट करा आणि ती कॉपी करा, किंवा पुढची पद्धत वापरा, जी मी स्वतः नेहमी वापरते.

अंदाज करूच द्यायचा नाही

आधी सिलेक्ट करून मग शॉर्टकट दाबला तर एक्सेल अंदाज करत नाही, तुम्ही दिलं तेवढंच घेतं. काकांच्या शीटवर असं केलं.

आधी E2 ते E13 आणि चौदाव्या ओळीतल्या जुन्या बेरजा Delete करून टाकल्या, कारण त्या जागा रिकाम्या असायला हव्यात. मग B2 वर क्लिक केलं, Shift दाबून E14 वर क्लिक केलं. म्हणजे आकड्यांचा पूर्ण चौकोन, अधिक उजवीकडचा एक रिकामा कॉलम, अधिक खालची एक रिकामी ओळ. A कॉलम मुद्दाम बाहेर ठेवला. मग एकदाच Alt + =.

Enter मारावं लागत नाही, तुटक रेघ येत नाही, सगळ्या बेरजा एका क्षणात भरल्या जातात. E2 मध्ये आता

```
=SUM(B2:D2)
```

म्हणजे ७,५००, फ्लॅट नंबर नाही. B14 ला ३०,०००, C14 ला २७,५००, D14 ला ३२,५००, आणि कोपऱ्यातल्या E14 ला ९०,०००. बारा फ्लॅट, तीन महिने, अडीच हजार, तेही ९०,०००, म्हणजे तिमाहीत कुणाची थकबाकी नाही. नोटीस बोर्डावर सुधारलेला कागद त्याच संध्याकाळी लागला.

फक्त एका कॉलमची बेरीज हवी असेल तर C2 ते C14 सिलेक्ट करून शॉर्टकट दाबा, मध्ये रिकामी सेल असली तरी पूर्ण C2 ते C13 घेतलं जातं. ही पद्धत रिकाम्या सेलवरही चालते आणि फ्लॅट नंबरवरही, पण टेक्स्टवर चालत नाही हे विसरू नका. `2500/-` रेंजच्या आत असलं तरी SUM त्याला सोडूनच देणार, त्यासाठी Count आणि Numerical Count बघायलाच लागतं.

हेडिंगमध्ये वर्ष असेल तर

काकांची दुसरी शीट सिंकिंग फंडाची, वर्षाला फ्लॅटमागे ६,००० रुपये, आणि हेडिंगला नुसतं 2023, 2024 लिहिलेलं. वर्ष म्हणजे एक्सेलला साधा आकडा. रांग थेट हेडिंगपर्यंत जाते आणि ७२,००० ऐवजी ७४,०२४ येतं. तुमच्या बेरजेत साधारण दोन हजार आणि वर काहीतरी जास्त येत असेल तर सगळ्यात आधी हेडिंग बघा. उपाय सोपा, आर्थिक वर्षच लिहा, 2024-25, आपल्याकडे हिशोब तसेही एप्रिल ते मार्च असतात, ते टेक्स्ट होतं आणि रांग तिथे थांबते. नुसतं वर्षच हवं असेल तर आधी एक अपॉस्ट्रॉफी टाका, `'2024`.

मध्ये मध्ये बेरजा असतील तर

मोठ्या सोसायटीत विंगप्रमाणे बेरजा असतात, ए विंगचे फ्लॅट, खाली त्यांची बेरीज, मग बी विंग, खाली त्यांची बेरीज, आणि शेवटी सगळ्यांची. इथे एक्सेल जरा जास्त हुशारी दाखवतं. मधल्या बेरजा SUM ने केल्या असतील तर शेवटच्या बेरजेला ते फ्लॅटचे आकडे परत न घेता फक्त त्या बेरजा उचलतं, असं काहीतरी

```
=SUM(B20,B11)
```

आणि रक्कम दुप्पट होत नाही. पण मधली बेरीज कुणी `=B2+B3+B4` अशी अधिक चिन्हं टाकून केली असेल, किंवा कॅल्क्युलेटरवर करून आकडा टाइप केला असेल, तर एक्सेलला ती बेरीज आहे हे कळत नाही, ते तिला आणखी एक फ्लॅट समजून मोजतं. म्हणून शीटमध्ये बेरजा करायच्या तर सगळ्या SUM ने, आणि दुसऱ्याची शीट हातात आली तर मधल्या बेरजेच्या सेलवर क्लिक करून वर फॉर्म्युला बारमध्ये काय आहे ते आधी बघायचं.

फिल्टर लावलेला असताना

खर्चाच्या शीटमध्ये काका फिल्टर लावून फक्त प्लंबरचा खर्च बघतात. फिल्टर चालू असताना खाली Alt + = दाबलं तर SUM येत नाही, हे येतं

```
=SUBTOTAL(9,C2:C40)
```

घाबरू नका, हे बरोबर आहे. यातला 9 म्हणजे बेरीज, आणि SUBTOTAL फिल्टरने लपलेल्या ओळी सोडून फक्त दिसणाऱ्या ओळी मोजतं. फिल्टर प्लंबरवरून इलेक्ट्रिशियनवर नेला की उत्तर आपोआप बदलतं, फिल्टर काढला की पूर्ण खर्च दिसतो. उलट फिल्टर लावायच्या आधी SUM टाकून ठेवलं असेल तर ते फिल्टर लावल्यावरही पूर्ण खर्चच दाखवत राहतं, आणि स्क्रीनवर प्लंबरच्या चारच ओळी दिसत असताना खाली सगळ्या महिन्याची रक्कम असते. एक मात्र बघा, ओळी फिल्टरने नाही तर राइट क्लिक करून Hide ने लपवल्या असतील तर 9 त्यांना मोजतं. त्याही नको असतील तर 9 च्या जागी 109 लिहायचं, बाकी फॉर्म्युला तोच.